सिमिलॅरिटी 14 टक्के, तरी ‘प्लेजरिझम’ असा शेरा का?

प्रश्न: मी पुण्यात बीबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. मुंबईच्या डबेवाल्यांवर 2000 शब्दांचा बिझनेस रिपोर्ट इंग्रजीत लिहिला. कुठेही कॉपी-पेस्ट केलेलं नाही, प्रत्येक वाक्य बदलून लिहिलं, शेवटी नऊ रेफरन्सेसची यादीही दिली. सिमिलॅरिटी 14 टक्केच आली. तरी मॅडमनी ‘प्लेजरिझम, पुन्हा लिहा’ म्हणून परत दिला. ‘फोर्ब्सने डबेवाल्यांना सिक्स सिग्मा दर्जा दिला, 1 कोटी 60 लाख डब्यांमागे एकच चूक होते’ या वाक्याखाली लाल रेघ मारून ‘हे तू कुठे वाचलंस?’ असं लिहिलंय. माझं नेमकं काय चुकलं?

उत्तर: पहिल्या वर्षाचे रिपोर्ट मी बावीस वर्षं तपासतेय, त्यामुळे तुझा रिपोर्ट न बघताही तुझ्या प्रश्नातल्या दोन शब्दांवर माझं बोट जातं: ‘वाक्य बदलून’ आणि ‘शेवटी’. आधी मात्र त्या 14 टक्क्यांचा निकाल लावू, कारण तू त्याच्या भरवशावर बसला आहेस.

टर्निटिन किंवा ड्रिलबिटसारखं सॉफ्टवेअर फक्त जुळणी मोजतं. तुझ्या मजकुरातले किती शब्द त्याच्याकडच्या साठ्यातल्या मजकुराशी ओळीने जुळतात, एवढंच ते सांगतं. अवतरणचिन्हांत नीट दिलेलं वाक्यही त्यात जुळतं, रेफरन्सची यादी जुळते, असाइनमेंटचं छापील कव्हर पान जुळतं. उलट दुसऱ्याचा अख्खा युक्तिवाद शब्द बदलून उचलला तर आकडा खाली येतो. म्हणजे 30 टक्क्यांचा रिपोर्ट स्वच्छ असू शकतो आणि 4 टक्क्यांचा चोरलेला.

‘10 टक्क्यांपर्यंत चालतं’ हे वाक्य वर्गात सगळ्यांना पाठ असतं. ते आलंय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांतून. पण ते नियम संशोधन निबंध, प्रबंध, पुस्तकं अशा लिखाणासाठी आहेत. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट त्यांच्या व्याख्येतून स्पष्ट वगळलेले आहेत. तुझ्या रिपोर्टला लागू होतो तो तुझ्या कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा नियम आणि मॅडमनी दिलेली सूचना. तेव्हा टक्क्यांवरून वाद घालायला जाऊ नकोस, हरशील.

आता ‘वाक्य बदलून’. सरावापुरता एक उतारा घेऊ. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक श्टेफान थॉमके यांचा डबेवाल्यांवरचा लेख 2012 च्या नोव्हेंबरमध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आला. त्यातल्या एका मुद्द्यावरून मी मराठीत असा उतारा तयार केलाय, तोच मूळ मजकूर आहे असं धरून चाल:

‘लोकलमध्ये डबे चढवायला मोठ्या स्थानकावर साधारण 40 सेकंद आणि मधल्या स्थानकावर 20 सेकंद मिळतात. त्यामुळे संपूर्ण कामाची लय रेल्वेचं वेळापत्रक ठरवतं. या घट्ट वेळापत्रकामुळे सगळे एकाच ठोक्यावर काम करतात आणि एरवी गोंधळ माजला असता तिथे शिस्त येते.’

बहुतेक मुलं यावरून काय लिहितात ते बघ:

‘रेल्वेत डबे भरण्यासाठी प्रमुख स्टेशनांवर सुमारे 40 सेकंद आणि लहान स्टेशनांवर 20 सेकंद असतात. म्हणून सर्व कामाचा वेग लोकलचं टाइमटेबल निश्चित करतं. या कडक टाइमटेबलमुळे सर्वजण एकाच तालात काम करतात आणि जिथे अन्यथा गोंधळ झाला असता तिथे शिस्त निर्माण होते.’

सॉफ्टवेअरला यात फारसं काही सापडणार नाही, पण मला पहिल्याच वाचनात कळतं. तीन वाक्यांची तीन वाक्यं, त्याच क्रमाने. ‘त्यामुळे’च्या जागी ‘म्हणून’, ‘घट्ट’च्या जागी ‘कडक’. साडी तीच, नुसता पदर बदललाय. याच्या शेवटी थॉमके यांचं नाव टाकलंस तरी भागत नाही. नाव टाकलं की विचार त्यांचा आहे एवढं कबूल होतं, वाक्यरचना मात्र तू आपली म्हणून खपवतोस.

पॅराफ्रेझ म्हणजे मूळ लेख बंद करून, समजलेली गोष्ट तुझ्या रिपोर्टच्या कामासाठी मांडणं. ‘कामासाठी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तुझ्या रिपोर्टचा प्रश्न समजा असा आहे: एखाद्या घरगुती मेसने डबेवाल्यांकडून काय उचलावं? मग तोच उतारा असा येईल:

‘डबेवाल्यांच्या कामात वेळ पाळली जाते याचं श्रेय थॉमके (2012) लोकलच्या वेळापत्रकाला देतात: गाडी 20 ते 40 सेकंदच थांबत असल्याने सगळ्यांचं काम आपोआप एकमेकांशी जुळतं. मेसला असं बाहेरून आलेलं वेळेचं बंधन नाही. ग्राहक दहा मिनिटं थांबतो आणि उशीर खपून जातो. म्हणून मेसने डबे निघण्याची वेळ स्वतःच ठरवून ती ग्राहकांना कळवावी.’

इथे थॉमके एका वाक्यात आटोपले. पुढची तीन वाक्यं तुझी आहेत, आणि ती तुझी आहेत हे वाचणाऱ्याला कळतंय, कारण नाव वाक्याच्या सुरुवातीला आलं आणि विषय मेसकडे वळला तिथे थॉमके संपले. याउलट आठ ओळींचा परिच्छेद लिहून शेवटच्या पूर्णविरामाआधी कंसात `(Thomke, 2012)` ठोकलंस, तर आठही ओळी त्यांच्या की शेवटचीच, हे मला कसं कळावं? आणि त्यातली चांगली कल्पना तुझी असेल, तर तिचे मार्क तू स्वतःच्या हाताने थॉमके यांना देऊन टाकलेस.

एक उलटी चूकही होते. मी मघाशी लिहिलं असतं की ‘थॉमके यांच्या मते डबेवाल्यांवर देखरेख लागतच नाही’, तर ते त्या उताऱ्यात नाही. पॅराफ्रेझ करताना मूळ लेखकाच्या तोंडी नवीन वाक्य घालणं हाही दोषच, फक्त त्याला प्लेजरिझम म्हणत नाहीत. म्हणून लिहून झाल्यावर मूळ लेख पुन्हा उघडायचा आणि दोन गोष्टी तपासायच्या: आकडे बरोबर आहेत का, आणि लेखक जेवढं म्हणाला तेवढंच मी म्हटलंय का.

तू इंग्रजीत लिहितोस, आणि खरी गोम तिथे आहे असं मला वाटतं. इंग्रजी वाक्य चुकेल या भीतीने मुलं मूळ वाक्याचं बोट सोडत नाहीत. माझ्या वर्गातल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी एक युक्ती देते: लेख वाचा, बंद करा, मुद्दा वहीत मराठीत लिहा, शेजारच्या मित्राला सांगितल्यासारखा. मग त्या मराठीवरून इंग्रजी लिहा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, वाक्य वेगळं वळतं, त्यामुळे मूळ सांगाडा मधेच मोडतो. इंग्रजी साधी येते, येऊ दे. तुझं बाकीचं लिखाण साधं असताना मधेच एक परिच्छेद गुळगुळीत व्यवस्थापकीय इंग्रजीत येतो, तेव्हाच तर शंका येते. एकदा एका मुलाच्या रिपोर्टमध्ये कंपनीबद्दल लिहिता लिहिता अचानक ‘आम्ही आमच्या ग्राहकांशी बांधील आहोत’ असं वाक्य आलं. कंपनीच्या वेबसाइटवरून उचलताना ‘आम्ही’ बदलायचं राहून गेलं होतं.

पण या युक्तीचा उलटा अर्थ काढू नकोस. मराठी वर्तमानपत्रातला लेख इंग्रजीत भाषांतर करून घातला, तर भाषा बदलली तरी मजकूर त्या लेखकाचाच राहतो आणि त्याचं नाव द्यावंच लागतं. संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीत अशा लेखाचं मूळ मराठी शीर्षक रोमन लिपीत देतात आणि त्यापुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ. मराठी संदर्भ दिला तर मार्क कमी होतील असं समजून तो लपवणारी मुलं मी पाहिली आहेत. डबेवाल्यांवर मराठीत चांगलं लिहिलेलं सापडलं तर ते अभिमानाने दाखव.

आता ‘शेवटी’. शेवटची यादी म्हणजे वाण्याकडून काय काय आणलं त्याचं बिल. कुठला जिन्नस कुठल्या भाजीत पडला हे बिलावरून कळत नाही. ते सांगायला मजकुराच्या आत, त्या त्या मुद्द्यापाशी, लेखकाचं नाव आणि वर्ष लागतं. तुझ्या नऊ नोंदींपैकी मजकुरात किती नावं आली आहेत ते मोज. एकही आलं नसेल, तर मॅडमच्या दृष्टीने अख्खा रिपोर्ट विना-संदर्भ आहे आणि ती यादी शोभेची आहे.

ताळा करायची माझी पद्धत अगदी जुनी आहे. रिपोर्टची प्रिंट काढायची. मजकुरात जिथे जिथे नाव-वर्ष आहे तिथे गोल करायचा आणि यादीत त्या नोंदीसमोर टिक करायची. यादीत टिक नसलेली नोंद उरली तर ती एकतर मजकुरात वापर, नाहीतर काढून टाक. मजकुरात गोल आहे पण यादीत नोंद नाही, असं झालं तर ते जास्त गंभीर. वीस मिनिटांचं काम आहे. त्याच वेळी गोल नसलेले आकडे शोधायचे. ‘5000 डबेवाले’, ‘रोज 1 लाख 30 हजार डबे’ हे तू मोजलेले नाहीस, म्हणजे तिथे गोल हवाच. ‘मुंबई महाराष्ट्राची राजधानी आहे’ याला नको.

आता त्या लाल रेघेकडे येऊ. मॅडमनी त्या वाक्याखाली रेघ का मारली याचा मला अंदाज आहे, कारण डबेवाल्यांवरच्या रिपोर्टमध्ये हे वाक्य मला जवळपास दरवर्षी भेटतं आणि खाली रेफरन्स असतो फोर्ब्स, 1998. मी विचारते, ‘तो अंक बघितलास?’ कोणीच बघितलेला नसतो. कुठल्यातरी ब्लॉगवर वाचलेलं असतं, आणि ब्लॉगने फोर्ब्सचं नाव घेतलेलं असतं म्हणून मुलाने ब्लॉग गाळून थेट फोर्ब्स लिहिलेलं असतं. न वाचलेल्या गोष्टीचा संदर्भ वाचल्यासारखा देणं, ही पहिल्या वर्षात सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी चूक आहे.

या वाक्याच्या बाबतीत ती महागात पडते, कारण वाक्यच खोटं आहे. फोर्ब्समध्ये 1998 साली डबेवाल्यांवर लेख आला होता हे खरं. त्याचे मुख्य लेखक सुब्रत चक्रवर्ती होते. त्यांनी डबेवाल्यांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष रघुनाथ मेदगे यांना चुका किती होतात असं विचारलं. उत्तर आलं, जवळपास नाहीच, फार तर दोन महिन्यांत एखादी. त्यावरून चक्रवर्तींनी हिशोब मांडला आणि 80 लाख डब्यांमागे एक असा आकडा काढला. म्हणजे ना कोणी चुका मोजल्या, ना कसली पाहणी झाली. पुढे तोच आकडा कुठे 60 लाख झाला, कुठे 1 कोटी 60 लाख. (डबा परतही येतो, जाण्या-येण्याच्या दोन खेपा धरल्या की 80 चे 160 होतात, असं चक्रवर्तींनीच नंतर सांगितलं आहे.) फोर्ब्सने कुठलंही प्रमाणपत्र दिलं नाही, आपण लेखात सिक्स सिग्मा हा शब्दही वापरला नव्हता, असं चक्रवर्ती यांनीच नंतर स्पष्ट केलं आहे. फोर्ब्स हे मासिक आहे, दर्जाची प्रमाणपत्रं वाटणारी संस्था नाही, हे जरा थांबून आठवलं असतं तरी शंका यायला हवी होती.

मग रिपोर्टमध्ये काय लिहायचं? मूळ लेख लायब्ररीतून किंवा डेटाबेसमधून मिळवून वाचलास तर थेट त्याचा संदर्भ दे. मिळाला नाही आणि दुसऱ्याच्या लेखात त्याची माहिती वाचलीस, तर तसंच सांग. एपीएमध्ये त्यासाठी `as cited in` हे शब्द आहेत: आधी मूळ लेखकाचं नाव-वर्ष, मग हे शब्द, मग तू जे खरोखर वाचलंस त्याचं नाव-वर्ष. शेवटच्या यादीत फक्त दुसरा जातो, कारण तुझ्या हातात तोच होता. असे संदर्भ रिपोर्टमध्ये एक-दोन ठीक, सात-आठ झाले तर तू मूळ काही वाचलंच नाहीस असं दिसतं.

आणि या वाक्याचं तू सोनं करू शकतोस. असं लिहून बघ: ‘डबेवाल्यांच्या चुका अत्यंत कमी असतात असं सर्वत्र म्हटलं जातं, पण प्रचलित आकड्यांचं मूळ 1998 मधल्या एका तोंडी अंदाजात आहे, मोजणीत नाही. त्यामुळे या रिपोर्टमध्ये तो आकडा गृहीत धरलेला नाही.’ आणि प्रत्येक विधानाशेजारी तू ते ज्यात वाचलंस त्याचं नाव. मी तपासत असते तर इथे पेन ठेवून पुढचं नीट वाचायला घेतलं असतं.

बिझनेस रिपोर्टच्या दोन खास अडचणी आहेत. पहिली, वर्गात शिकवलेली मॉडेल्स. पोर्टर यांच्या पाच शक्ती किंवा स्वॉट ‘मॅडमनी शिकवलं’ म्हणून विना-संदर्भ येतात. स्लाइड हा शक्यतो संदर्भ नव्हे; स्लाइडच्या तळाशी ज्या पुस्तकाचं नाव असतं ते उघड, संबंधित पानं वाच आणि त्याचा संदर्भ दे. आकृती तू वर्डमध्ये पुन्हा काढलीस म्हणून ती तुझी होत नाही. तिच्याखाली कशावरून घेतली ते लिहायचं, आणि त्यात रकाने बदलले असतील तर बदल करून घेतली असं लिहायचं.

दुसरी अडचण, तू स्वतः गोळा केलेली माहिती. समजा शिवाजीनगरच्या एका मेसवाल्या काकूंशी तू फोनवर सहज बोललास आणि त्यांचं एक वाक्य वापरलंस. एपीएमध्ये ते मजकुरात ‘वैयक्तिक संवाद’ म्हणून तारखेसह येतं, पण शेवटच्या यादीत जात नाही, कारण वाचणारा ते शोधून पडताळू शकत नाही. पण तीच काकू तुझ्या ठरवून घेतलेल्या पाच मुलाखतींपैकी एक असेल, तर तो तुझ्या अभ्यासाचा डेटा. तेव्हा संदर्भ द्यायचा नाही. पद्धतीच्या भागात मुलाखती कधी, किती जणांच्या, कशा घेतल्या ते सांगायचं आणि नंतर ‘मेसचालक 3’ असं म्हणून वाक्य वापरायचं. त्यांचं नाव त्यांना विचारल्याशिवाय छापू नकोस.

स्वल्पविराम आणि तिरप्या अक्षरांवर रात्र घालवू नकोस. मॅडमनी एपीए म्हटलंय की हार्वर्ड, ते एकदा विचार, आणि हार्वर्ड असेल तर कॉलेजचं माहितीपत्रक माग, कारण हार्वर्ड पद्धतीचं एकच अधिकृत पुस्तक नाही, प्रत्येक विद्यापीठाची आपली तऱ्हा असते. गुगल स्कॉलरचं `Cite` बटण वापरलंस तर हरकत नाही, पण आलेली नोंद मूळ लेखाशी ताडून बघ. वर्ष, मोठी-लहान अक्षरं यांत घोळ असतो.

खरी दुरुस्ती नोट्स काढतानाच करायची असते, कारण चूक तिथेच होते. लेखातलं वाक्य फोनमध्ये कॉपी करून ठेवलं, तीन आठवड्यांनी ते उघडलं, तेव्हा ते आपलं की लेखातलं हे तुझं तुलाच आठवत नाही. म्हणून वहीत प्रत्येक टिपणापुढे एक अक्षर घाल. जसंच्या तसं उतरवलेलं असेल तर ‘अ’, अवतरणचिन्हांसह आणि पान क्रमांकासह, कारण थेट अवतरणाला पान लागतं आणि ते नंतर शोधायला दुपार जाते. लेख बंद करून आपल्या शब्दांत लिहिलेलं असेल तर ‘प’. वाचताना तुला स्वतःला सुचलेलं असेल तर ‘मी’. रिपोर्ट लिहायला बसशील तेव्हा ‘अ’ आणि ‘प’ला संदर्भ, ‘मी’ला नाही. आणि ‘मी’ची टिपणं दोन-तीनच निघाली, तर रिपोर्ट अजून लिहायला घ्यायचा नाही.

आता तुझ्यापुरतं. जुना मजकूर उघडून त्यात वाक्यं बदलत बसू नकोस, त्याने पुन्हा तोच सांगाडा उभा राहील. नऊपैकी खरोखर वाचलेले चार-पाच स्रोत निवड, त्यांची ‘अ-प-मी’ टिपणं काढ आणि कोरी फाइल उघड. मॅडमना भेटायला जाशील तेव्हा सिमिलॅरिटीचा कागद घरी ठेव, टिपणांची वही घेऊन जा आणि फोर्ब्सचं ते वाक्य कुठे वाचलं होतंस ते खरं सांग.